पॅराफ्रेझिंग टूल आणि डिटेक्टरचा स्कोअर

मजकूर दिला की अर्थ तोच ठेवून शब्द आणि वाक्यरचना बदलून देणारे सॉफ्टवेअर म्हणजे पॅराफ्रेझिंग टूल. मजकूर माणसाचा की यंत्राचा याचा अंदाज बांधणाऱ्या डिटेक्टरचा स्कोअर खाली आणण्यासाठी ते सर्रास वापरले जाते. स्कोअर अनेकदा उतरतो, पण मजकूर बिघडतो. या दोन्ही गोष्टींचे मूळ बऱ्याच अंशी एकच आहे.

पुष्कळ डिटेक्टर अर्थ तपासत नाहीत. आधीचे शब्द पाहून पुढचा शब्द किती अपेक्षित होता, एवढेच ते भाषेच्या मॉडेलकडून मोजून घेतात. शब्दामागून शब्द अपेक्षित निघाले की मजकूर यंत्राचा ठरतो. टूल त्या जागी कमी अपेक्षित शब्द बसवते आणि हिशेब उलटतो. 2023 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ‘डिपर’ हे पुनर्लेखन करणारे मॉडेल तयार केले. माणसाचे लेखन चुकून यंत्राचे ठरण्याचे प्रमाण 1 टक्क्यावर धरले असता, ‘डिटेक्टजीपीटी’ हा डिटेक्टर मूळ यंत्रलिखित मजकूर 70.3 टक्के वेळा ओळखत होता. डिपरमधून काढल्यावर 4.6 टक्के.

मात्र शब्द अपेक्षित असतो तो बहुतेकदा तिथे तोच शोभतो म्हणून. ‘पाऊस लांबल्याने पेरण्या खोळंबल्या’ या वाक्यात पावसाला ‘लांबणे’ आणि पेरणीला ‘खोळंबणे’ ही भाषेनेच लावून दिलेली जोडी आहे. शब्दाला प्रतिशब्द ठेवत गेल्यास ‘पर्जन्य दीर्घ झाल्याने बीजारोपणे अडखळली’ असे काहीतरी हाती येते. इथे नुसती शैली गेलेली नाही: पाऊस उशिरा आला की फार दिवस पडला, हेच कळेनासे झाले. ‘हात आखडता घेतला’ सारख्या वाक्प्रचाराचे तर हाडच मोडते.

संशोधनपत्रिकांत हे ढळढळीत दिसले. गियोम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या संशोधकांनी 2021 मध्ये अशा शब्दप्रयोगांना ‘टॉर्चर्ड फ्रेझेस’ म्हणजे छळलेले शब्दप्रयोग असे नाव दिले. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चे ‘काउंटरफीट कॉन्शसनेस’ झाले होते, ‘बिग डेटा’चे ‘कोलोसल इन्फर्मेशन’. पारिभाषिक शब्दाला प्रतिशब्द नसतो, हे टूलला ठाऊक नव्हते. लपवण्यासाठी घातलेले हे शब्दच मग संशयित लेख हुडकण्याची खूण बनले.

डिपरसारखी मॉडेले असे भोंगळ शब्द क्वचित घालतात. ती वाक्ये तोडतात, जोडतात, क्रम फिरवतात. तिथे नुकसान बारीक असते, म्हणून अधिक धोक्याचे: ‘कदाचित’ गळते, ‘काही रुग्णांत’चे ‘रुग्णांत’ होते, आधीच्या वाक्याला धरून आलेला ‘मात्र’ निराधार राहतो. मूळ आणि नवा मजकूर शेजारी ठेवून आकडे, नकार आणि असे मर्यादा घालणारे शब्द जुळवून पाहिले की हे सापडते.

स्कोअर उतरेलच याचीही हमी नाही. माणसाने स्वतः लिहिलेला मजकूर अशा मॉडेलमधून काढला, तर त्यातले शब्द आता मॉडेलने निवडलेले असतात आणि स्कोअर चढू शकतो. काही डिटेक्टर पुनर्लिखित नमुन्यांवरच शिकवलेले असतात.