सायलेन्सरमागचा एक नट

मे महिन्यात देवगडच्या वाडीवाडीत घरं शाकारायला काढतात. कौलं उतरतात, जुन्या रिपा उचकटतात, आणि त्या रिपांचे गंजके खिळे आठवडाभर रस्त्यावर पडलेले असतात. त्यातलाच एक माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकात शिरला. टायर ट्यूबलेस होता, म्हणजे खिळा उपटून भोकात रबरी दोरी घुसवली की पाच मिनिटांत काम झालं असतं. पण दोन वर्षांपूर्वी रिमच्या कडेला गंज धरला होता, हवा रात्रीतून उतरायची, म्हणून मीच आत ट्यूब घालून घेतली होती. पंक्चरवाल्याने व्हॉल्व्हकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "हेच्यात ट्यूब आसा. चाक काढूकच व्हया. सायलेन्सर गार झालो की घेवन ये."

मी गाडी परत घरी ढकलत आणली आणि चाक स्वतःच काढलं. आता ते कसं ते सांगतो, पण आधी हे चाक बसलेलं कसं असतं ते पाहायला हवं.

सायकलच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी आधार असतो आणि मधून आस आरपार जातो. ऑटोमॅटिक स्कूटरमध्ये असा चिमटा बहुधा नसतो. इंजिन, डावीकडची बेल्टची पेटी आणि मागचा गिअरबॉक्स हे सगळं मिळून एकच लांबट ठोकळा असतो. तो पुढे चेसिसला बिजागरीसारखा टांगलेला आणि मागे शॉकअॅब्झॉर्बरवर टेकलेला असतो. खड्डा आला की इंजिनासकट तो पूर्ण ठोकळा वरखाली होतो. म्हणजे चाक धरून वरखाली होणारा हात, स्विंगआर्म, तो इथे इंजिनच. त्याच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्समधून उजवीकडे, बोटाएवढा जाड पोलादी दांडा बाहेर येतो. दांड्यावर लांबीच्या दिशेने दाते कापलेले असतात, त्याला मेकॅनिक स्प्लाइन म्हणतात. चाकाच्या मध्यातल्या भोकात तसेच उलटे दाते असतात. चाक त्या दांड्यावर सरकवायचं आणि बाहेरून एक नट आवळायचा, बस्स. साखळी नाही, बेल्टला हात लावायचा नाही.

एका बाजूने चाक धरण्याची ही कल्पना जुनी. १९४६ साली इटलीत पहिली व्हेस्पा आली. तिचा आराखडा करणारे कोर्राडिनो दास्कानियो मूळचे विमान आणि हेलिकॉप्टरचे इंजिनिअर. पंक्चर झालेलं चाक रस्त्यात झटपट निघावं हा त्यांचा एक हेतू होता. आपल्याकडच्या जुन्या गिअरच्या स्कूटरना तर चाक ड्रमवर वेगळ्या नटांनी लावलेलं असे आणि स्टेपनी सोबत असे. आताच्या गाड्यांत स्टेपनी गेली आणि मधला नट सायलेन्सरच्या आड गेला. चाक काढणं त्यामुळे लांबलं, असं माझं मत.

तर पहिली गोष्ट म्हणजे थांबणं. चालवून आणलेल्या गाडीचा सायलेन्सर अर्धा-पाऊण तास तरी हाताला लागू देत नाही. तेवढ्यात गाडी मेन स्टँडवर घ्यायची. अंगणातली माती भुसभुशीत असेल तर स्टँडखाली फळी घालावी. नट सोडताना जोर लागतो आणि स्टँडचा पाय रुतला तर गाडी अंगावर येते. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे तुकडे लावले, चावी काढून खिशात टाकली.

सायलेन्सर दोन जागी धरलेला असतो. पुढे इंजिनाच्या तोंडाशी पाइपला दोन लहान नट, आणि मागे कवचाला दोन-तीन बोल्ट. आधी पुढचे दोन नट सोडायचे, मग मागचे बोल्ट, आणि हा क्रम महत्त्वाचा. मागचे बोल्ट आधी काढले तर सगळं वजन पुढचे नट ज्यांवर बसतात त्या दोन बारीक स्टडवर लोंबकळतं, आणि उष्णतेने भाजलेले, खाऱ्या हवेने गंजलेले स्टड तिथेच तुटतात. तुटलेला स्टड काढायला मग ड्रिलवाला शोधावा लागतो. मी आदल्या रात्रीच त्यांच्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. सकाळी नट एकदम उलटा फिरवला नाही. आधी किंचित आवळला, मग सोडला, पुन्हा थोडा आवळला. गंजाचा थर फुटताना बारीक 'करर' आवाज येतो, तो ऐकू आला की समजायचं, सुटला. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो. तो आणि त्याची वायर सायलेन्सरवर असेल तर आधी कनेक्टर सोडवावा, नाहीतर सायलेन्सर ओढताना वायर तुटते.

आता तो नट दिसतो. आमच्या गाडीत २४ मिलिमीटरचा आहे. इथे एक गंमत होते. मोटारसायकलचं चाक अडवायचं तर गाडी गिअरमध्ये टाकता येते. स्कूटरचा क्लच मात्र इंजिनाचा वेग वाढल्यावरच बाहेर फेकला जाऊन पकडतो. इंजिन बंद असलं की तो सुटलेला, आणि मागचं चाक मोकळं गरगरतं. त्यामुळे नटाबरोबर चाकही फिरतं. उपाय एकच, मागचा ब्रेक. डाव्या हाताची दांडी मी जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने मुठीला करकचून बांधली. ब्रेकने चाक धरलं, चाकाच्या दात्यांनी दांडा धरला, आता पान्याचा जोर फक्त नटावर येतो.

जोर किती? अशा बऱ्याच गाड्यांत हा नट सुमारे १२ किलोग्रॅम-मीटरने आवळलेला असतो. म्हणजे एक मीटर लांब दांडीच्या टोकावर १२ किलोंचा भार. माझ्या पान्याची दांडी ४० सेंटिमीटरची, म्हणजे तिच्या टोकावर ३० किलो द्यावे लागणार. पण नट दोन पावसाळे उघडलेला नव्हता, तो ३० किलोंना हललाही नाही. मग दांडीवर जुन्या नळाचा तुकडा चढवून ती ८० सेंटिमीटर केली. आता तेवढ्याच जोराला दुप्पट पीळ मिळाला, आणि नट 'टक्' करून सुटला. गोटी पाना नटावर पूर्ण बसलाय ना हे मात्र आधी बघावं. अर्धवट बसलेला पाना सुटला की नटाचे कोपरे जातात आणि आपली बोटंही.

नट पूर्ण काढण्याआधी त्याला तीन-चार आटे राहू द्यावेत आणि चाक दोन्ही हातांनी हलवून पाहावं. सैल असेल तर नट काढून चाक सरळ उजवीकडे ओढलं की येतं. अडकलं तर कारणं दोन. एक, दात्यांमध्ये गंज. तेल मारून टायरवर आळीपाळीने समोरासमोर लाकडी हातोड्याने ठोकावं. दांड्याच्या टोकावर कधीही ठोकू नये, तिथे आटे दबतात आणि आतल्या बेअरिंगला मार लागतो. दुसरं कारण ब्रेकचं. ड्रम चाकात असतो, तो चाकाबरोबर निघतो, आणि ब्रेक शू मात्र इंजिनावरच राहतात. जुन्या ड्रमला आत झिजून कडा आलेली असते, तीत शू अडकतात. ब्रेकची पट्टी सोडून मागचा अॅडजस्टर नट चार-पाच वळसे सैल केला की शू आत जातात. चाक निघाल्यावर कुणी चुकूनही ब्रेक दाबायचा नाही, शू पसरून बाहेर पडतात. आणि ड्रममधली काळी भुकटी फुंकून उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

टायर रिममधून काढणं हा ताकदीचा खेळ वाटतो. टायरच्या कडेत पोलादी तार असते, ती ताणली जात नाही. मग ती रिमच्या काठावरून येते कशी? रिमच्या मध्यभागी खोलगट भाग असतो. व्हॉल्व्हमधलं बटण काढून सगळी हवा सोडायची, टायरची कड पायाने दाबून रिमपासून सोडवायची, आणि ज्या बाजूला टायर उचकटायची लोखंडी पट्टी घालणार त्याच्या बरोबर समोरची कड त्या खोलगटात ढकलून ठेवायची. त्या बाजूला मिळालेली ढील या बाजूला वापरता येते. ती ढील नसेल तर पट्टी वाकते, टायर नाही. १० इंची लहान रिमवर तर ते लगेच जाणवतं.

ट्यूब बाहेर आली, पाण्यात बुडवली, बुडबुडे दिसले, जागा खुणावली. पॅच लावताना एकाच बाबतीत घाई नडते. घासलेल्या जागी सोल्युशन लावल्यावर ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं असतं. ओलं असताना पॅच ठेवला तर त्यातला पातळ द्रव वाफ होऊन पॅचखालीच कोंडतो, आणि तिथून आठ दिवसांत पुन्हा हवा जाते. खिळा टायरमधून काढल्यावरही आतून फडकं फिरवून बघावं. माझ्या टायरमध्ये त्या खिळ्याच्या जोडीला एक बाभळीचा काटा होता.

मग रिमकडे पाहिलं. सगळ्या दुखण्याचं मूळ तिथेच होतं. मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच विरघळून खारं पाणी होतं. आमच्या किनाऱ्यावर वर्षातला बराच काळ आर्द्रता त्याच्या वर असते. टायरची कड जिथे टेकते त्या फटीत हे खारं पाणी वाळतच नाही. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्याचे पापुद्रे फुगून टायरची कड उचलतात आणि हवा झिरपते. मी कड पॉलिश पेपरने स्वच्छ केली. खड्डे नखाला लागत होते, म्हणजे ट्यूबलेसचं भाग्य या रिमला पुन्हा नाही. प्रायमर आणि रंग मारून, तो वाळल्यावर ट्यूबच परत घातली.

बसवताना टायरवरचा फिरण्याचा बाण पाहावा. दात्यांना ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा, त्यामुळे पुढच्या वेळी चाक चिकटणार नाही. ड्रमला मात्र ग्रीसचं बोटही लागू नये. चाक सरकवलं, वॉशर, नट, ब्रेक बांधला आणि टॉर्क पान्याने १२ किलोग्रॅम-मीटर. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकात पाहावा. हा नट सैल राहिला तर चाक लगेच निखळत नाही. अॅक्सिलरेटर वाढवला-सोडला की दाते दात्यांवर आपटत राहतात, 'टक टक' ऐकू येतं, आणि काही आठवड्यांत दाते गोल होतात. मग दांडा फिरतो आणि चाक तसंच राहतं. नट सुटू नये म्हणून त्यात पकड असते. तो बोटांनीच शेवटपर्यंत फिरत असेल तर नवा घ्यावा.

सायलेन्सर लावताना क्रम उलटा नाही. सगळे नट-बोल्ट हाताने अडकवायचे, मग पुढचे दोन आळीपाळीने आवळायचे, शेवटी मागचे. पाइपच्या तोंडाची कडी नवी टाकावी, ती एकदा दाबली गेली की दुसऱ्यांदा नीट बसत नाही. जुनीच ठेवली तर तिथून फटफट आवाज येतो आणि दोन दिवसांत काळी काजळी दिसते. त्यानंतर ब्रेकचा अॅडजस्टर पूर्वीसारखा केला, हवा आमच्या गाडीच्या स्टिकरप्रमाणे ३६ भरली. शेवटी नटावरून दांड्याच्या टोकावर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. जामसंड्याला दोन फेऱ्या झाल्यावर पुन्हा वाकून पाहिलं, रेघ तुटलेली नव्हती.