फाइल ० बाइट झाली म्हणजे सगळं गेलंच का?

"लाइट गेली, आता फाइल ० बाइट दाखवतेय, म्हणजे डेटा पुसला गेला ना?"

नाही हो, लगेच नाही. बरेच प्रोग्रॅम सेव्ह करताना आधी जुनी फाइल रिकामी करतात, म्हणजे साइज ० होते आणि तिचे जुने ब्लॉक, म्हणजे डिस्कवरचे जागेचे तुकडे, फक्त "मोकळे" म्हणून नोंदले जातात, नवा मजकूर मात्र काही सेकंद रॅममध्येच असतो, नेमकी तेव्हाच लाइट गेली की उरतं नुसतं नाव. रॅममधलं गेलं ते गेलंच, ऑटोसेव्हची कॉपी असेल तरच वाचलात. जुना मजकूर हार्डडिस्कवर बहुतेकदा तसाच पडून असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत, म्हणून रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकू नका (हे सगळे करतात!). एसएसडीवर ट्रिम, म्हणजे कोणते ब्लॉक मोकळे झाले हे एसएसडीला कळवणारी सोय, चालू असेल तर ते ब्लॉक लवकरच साफ होतात, तिथे आशा कमीच.