कुशिंग सिंड्रोम: जंतुसंसर्ग, गुठळ्या आणि शस्त्रक्रियेआधीची तयारी

मेंदूचे शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी 1932 मध्ये या आजाराचे मूळ मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतल्या लहानशा गाठीत असल्याचे मांडले. कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढल्याने हा आजार होतो, हे पुढे कळले. पण रुग्ण नेमका कशाने दगावतो, याकडे लक्ष उशिरा गेले. प्लॉट्झ आणि सहकाऱ्यांनी 1952 मध्ये जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा पाच वर्षांत जवळपास निम्मे रुग्ण गेलेले दिसले. कारणे मुख्यतः दोन: जंतुसंसर्ग, आणि हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार.

संसर्ग ओळखू येत नाही, ही खरी अडचण. कॉर्टिसॉल सूज, ताप आणि दुखणे तिन्ही दाबून टाकते. आतडे फुटले तरी पोट ताठर लागत नाही. कॉर्टिसॉल फार चढलेले असेल तर न्युमोसिस्टिस या बुरशीमुळे होणाऱ्या न्युमोनियाचाही धोका असतो. तो गंमतीशीर वेळी उघडा पडतो: औषधाने कॉर्टिसॉल उतरू लागले की दबलेली प्रतिकारशक्ती जागी होते आणि रुग्णाला अचानक धाप लागते. म्हणून अशा रुग्णाला कॉर्टिसॉल उतरवायच्या आधीच को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक सुरू करतात.

गुठळ्यांची गोष्ट वेगळी. जास्त कॉर्टिसॉलमुळे रक्त गोठवणारा घटक आठ वाढतो आणि गुठळी विरघळवणारी यंत्रणा मंदावते. इटलीतल्या बोस्कारो यांच्या गटाने 2002 मध्ये दोन काळांतले रुग्ण ताडून पाहिले. रक्त पातळ करणारे औषध न दिलेल्यांत गुठळ्यांचे प्रमाण 20 टक्के होते, दिलेल्यांत 6. ही तुलना चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, आणि दरम्यान शस्त्रक्रियाही सुधारली होती, तेव्हा सगळे श्रेय औषधाला देता येत नाही. तरी प्रथा बदलली ती इथून.

समजा, 35 वर्षांच्या बाईची नाकावाटे पिट्युटरीची शस्त्रक्रिया ठरली आहे. ती गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल, तर त्या साधारण चार आठवडे आधी थांबवतात; त्यांतले इस्ट्रोजेन गुठळीला हातभार लावते. रक्त पातळ करणारे एनॉक्सापॅरिन 40 मिलिग्रॅम रोज कातडीखाली देत असतील, तर शेवटचा डोस शस्त्रक्रियेच्या किमान 12 तास आधी. पुढचा डोस रक्तस्राव थांबल्याची सर्जनने खात्री केल्यावरच. पायांना दाबमोजे घालतात, पण या रुग्णांची कातडी कागदासारखी पातळ असते. ओढून घातले तर सोलवटते आणि तीच जखम संसर्गाचे दार होते. घसरलेले पोटॅशियम सावरायला स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, तर को-ट्रायमॉक्साझोलसोबत पोटॅशियम उलट फार चढू शकते. काही दिवसांतच रक्त तपासावे लागते.

फ्लू आणि न्युमोकोकसची लस वेळेत देतात, जिवंत जंतूंची लस मात्र टाळतात.

गाठ निघाली, कॉर्टिसॉल पडले, तरी रक्ताची गोठण्याची ओढ लगेच ओसरत नाही, उलट शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे सर्वांत नाजूक असतात. म्हणून एनॉक्सापॅरिन बऱ्याचदा घरी गेल्यावरही काही आठवडे चालू ठेवतात, आणि पोटरी एकाच बाजूने सुजली तर वाट न पाहता सोनोग्राफी करतात.