व्हिनेगर घातलं की कोबी पुन्हा लाल होतो, फरसबी मात्र हिरवी होत नाही

पाकशास्त्राच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो: शिजवताना भाज्यांच्या रंगावर आम्ल आणि अल्कलीचा काय परिणाम होतो? त्याच्या उत्तराचा तक्ता बहुतेकांना पाठ असतो. हिरव्या भाज्या आम्लात शेवाळी आणि अल्कलीत गर्द हिरव्या होतात. लाल भाज्या आम्लात लाल राहतात, अल्कलीत निळ्या पडतात. पांढऱ्या भाज्या आम्लात पांढऱ्या राहतात, अल्कलीत पिवळ्या होतात. तक्ता बराचसा बरोबर आहे. पण तो पाठ करणाऱ्याची समजूत अशी होते की हे तिन्ही बदल एकाच प्रकारचे आहेत, आम्लानं बिघडलेलं अल्कलीनं सुधारतं आणि अल्कलीनं बिघडलेलं आम्लानं. इथेच चूक होते. निळा पडलेला लाल कोबी थोड्या व्हिनेगरनं पुन्हा लाल होतो. शेवाळी पडलेली फरसबी मात्र सोड्याच्या पाण्यात कितीही वेळ ठेवली तरी हिरवी होत नाही.

हा फरक समजण्यासाठी आधी हरितद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल, जवळून पाहायला हवं. त्याच्या रेणूत कार्बन आणि नायट्रोजनचं एक मोठं कडं असतं. कड्याच्या आतल्या बाजूला चार नायट्रोजन असतात आणि त्यांनी मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू धरून ठेवलेला असतो. कड्याला एक लांब शेपूटही असते. ती तेलकट स्वभावाची असल्यामुळे हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही. आपल्याला दिसणारा हिरवा रंग या संपूर्ण रचनेचा असतो. मधला मॅग्नेशियम गेला की कडं तसंच राहतं, पण ते प्रकाश वेगळ्या तऱ्हेनं शोषतं आणि रंग मेंदीसारखा, तपकिरीकडे झुकणारा दिसू लागतो. या मॅग्नेशियमविना उरलेल्या रेणूला फिओफायटिन म्हणतात. हरितद्रव्यात मॅग्नेशियम अंगभूत असतो, तो चुकून मिसळलेला नसतो, हे रिचर्ड विलश्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी त्याला 1915 चं नोबेल मिळालं.

मॅग्नेशियमला बाहेर काढतं ते आम्ल. आम्लातले दोन हायड्रोजन आयन कड्यात शिरतात, नायट्रोजनांना चिकटतात आणि मॅग्नेशियमला जागा सोडावी लागते. त्यासाठी वरून लिंबू पिळण्याचीही गरज नसते, कारण आम्ल भाजीच्याच पेशीत असतं. जिवंत पेशीत ते रिक्तिकेत कोंडलेलं असतं आणि हरितद्रव्य हरितलवकात, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही. पाणी उकळलं की पेशीतली पटलं फुटतात, आम्ल सगळीकडे पसरतं आणि मॅग्नेशियम निसटू लागतो.

फरसबी उकळत्या पाण्यात टाकल्यावर पहिल्या मिनिटात काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. ती फिकी पडत नाही, उलट जास्तच हिरवी दिसते. पेशींमधल्या फटींत अडकलेली हवा प्रकाश विखुरत असते, त्यामुळे कच्ची शेंग किंचित धुरकट दिसते. उष्णतेनं ती हवा बाहेर पडते, तिची जागा पाणी घेतं आणि आतला हिरवा रंग स्वच्छ दिसू लागतो. हरितद्रव्य वाढलेलं नसतं, फक्त समोरचा पडदा हटलेला असतो. त्यानंतर पाच ते सात मिनिटं रंग टिकतो आणि मग शेवाळी छटा येऊ लागते.

ही मुदत लांबवण्याचे सगळे उपाय मॅग्नेशियमच्या हिशेबातूनच निघतात. पाव किलो फरसबीला निदान दोन लिटर पाणी घ्यावं, म्हणजे पेशीतून आलेलं आम्ल पातळ होतं. पाणी खळखळून उकळत असतानाच शेंगा टाकाव्यात, कारण कोमट पाण्यापासून सुरुवात केली तर शिजायला लागणारा एकूण वेळ वाढतो. झाकण ठेवू नये. भाजीतली काही आम्लं वाफेबरोबर उडून जाणारी असतात, झाकणाला लागून ती थेंबांच्या रूपात परत पातेल्यात पडतात. चार-पाच मिनिटांनी शेंगा चावून पाहाव्यात आणि शिजल्या की लगेच बर्फाच्या पाण्यात टाकाव्यात, नाहीतर आतल्या उष्णतेनं तोच बदल ताटात चालू राहतो.

मग सोडा घातला तर? सोड्यानं रंग टिकतो, हे खरं आहे. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा सामू साधारण 8.3 असतो. उकळताना सोड्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, काही सोड्याचं कार्बोनेट होतं आणि सामू आणखी चढतो. म्हणून चिमूटभर सोड्याचा परिणामही अपेक्षेपेक्षा जोरदार होतो. हायड्रोजन आयन कमी झाल्यानं मॅग्नेशियम जागेवर राहतो. पण अल्कली दुसरीकडे घाव घालते. हरितद्रव्याची तेलकट शेपूट तुटते आणि उरलेला भाग पाण्यात विरघळणारा होतो, त्यालाच क्लोरोफिलिन म्हणतात. पातेल्यातलं पाणी हिरवं झालं की हे घडतंय असं समजावं. शिवाय पेशींच्या भिंतींना बांधून ठेवणारी पेक्टिन आणि हेमिसेल्युलोज ही द्रव्यंही अल्कलीत भराभर विरघळतात. शेंग बाहेरून झगझगीत हिरवी आणि हाताला गिळगिळीत लागते, साल सुटू लागते, आणि क जीवनसत्त्व व थायमिन यांचा नाशही वेगानं होतो. परीक्षेत ‘अल्कलीत हिरव्या भाज्या गर्द हिरव्या होतात’ एवढंच लिहिलं तर उत्तर अर्धं राहतं.

आता मूळ मुद्दा. एकदा गेलेला मॅग्नेशियम परत का येत नाही? सोड्यात मॅग्नेशियम नसतो, सोडियम असतो. पातेल्याच्या पाण्यात मॅग्नेशियमचे आयन असले तरी पाण्याच्या रेणूंनी त्यांना घट्ट वेढलेलं असतं. तो वेढा सोडून त्यांनी पुन्हा कड्यात शिरणं स्वयंपाकघरातल्या परिस्थितीत घडत नाही. तांबं आणि जस्त मात्र त्या रिकाम्या जागेत सहज बसतात आणि मॅग्नेशियमपेक्षा पक्के बसतात. रंग पुन्हा हिरवा होतो आणि नंतर आम्लालाही दाद देत नाही. अन्नरंग म्हणून वापरलं जाणारं तांब्याचं क्लोरोफिलिन याच तत्त्वावर बनवतात. पण म्हणून हिरवी भाजी कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात आंबट पाण्यासह उकळायची नसते. तिथे किती तांबं विरघळेल यावर कोणाचंच नियंत्रण नसतं आणि जास्त तांबं विषारी असतं.

लाल कोबीची गोष्ट मुळातच वेगळी आहे. त्याचा रंग अँथोसायनिनचा. हे रंगद्रव्य पाण्यात विरघळतं, रिक्तिकेत असतं आणि त्यात धातूचा अणू उपटला जात नाही. सामू बदलला की त्याचा रेणू हायड्रोजन आयन घेतो किंवा सोडतो आणि त्याप्रमाणे रंग बदलतो. लिटमसमध्ये जे चालतं तेच इथे चालतं. आयन सोडलेला रेणू तो पुन्हा घेऊ शकतो, म्हणून हा बदल उलटवता येतो.

हे स्वतः करून पाहता येतं. शंभर ग्रॅम लाल कोबी बारीक चिरून अर्धा लिटर पाण्यात पाच मिनिटं उकळावा आणि जांभळं पाणी गाळून घ्यावं. त्यातल्या थोड्या पाण्यात व्हिनेगर घातलं की ते गुलाबी-लाल होतं. दुसऱ्या ग्लासात पाव छोटा चमचा, म्हणजे साधारण एक ग्रॅम, सोडा घातला की निळं, मग हिरवट निळं होतं. या दुसऱ्या ग्लासात थोडंथोडं करत पाच टक्क्यांचं व्हिनेगर घालावं. एक ग्रॅम सोडा निकामी करायला ते सुमारे 15 मिलिलिटर लागतं, त्यापुढच्या एक-दोन चमच्यांत लाली परत येते. फेस येऊन पाणी वर चढतं, म्हणून ग्लास मोठा घ्यावा. या परतीलाही मर्यादा आहे. धुण्याच्या सोड्यासारख्या तीव्र अल्कलीत पाणी पिवळं पडून बराच वेळ राहिलं, तर रेणूचं कडंच उघडतं आणि तुटतं. मग व्हिनेगरनंही पूर्वीचा रंग येत नाही. अशी तीव्र अल्कली घातलेलं पाणी अर्थातच पिऊ नये.

कोबी धुताना पाणी निळं झालं म्हणून ‘यात रंग मारलाय’ असे व्हिडिओ फिरत असतात. नळाचं पाणी किंचित अल्कलीयुक्त असेल तर अँथोसायनिन निळं दिसणारच. तेच पाणी दोन थेंब लिंबानं गुलाबी झालं, तर तो कोबीचा स्वतःचाच रंग आहे असं मानायला हरकत नाही.

तक्त्यातल्या ‘लाल भाज्या’ या रकान्यानं मात्र बरेच गुण घालवले आहेत, कारण लाल रंगद्रव्यं एका जातीची नाहीत. बीटमध्ये अँथोसायनिन नसतं, बीटालेन असतं. ते साधारण सामू 3 ते 7 पर्यंत आपला रंग राखतं आणि तीव्र अल्कलीत निळं न होता पिवळं पडतं. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीनचा. तो तेलात विरघळणारा असतो आणि स्वयंपाकातल्या आम्ल-अल्कलीनं जवळपास बदलत नाही. ‘टोमॅटोत सोडा घातल्यास तो निळा होतो’ असं लिहिलेलं उत्तर सरळ चूक आहे.

फ्लॉवर, कांदा आणि बटाट्यात अँथोझँथिन या गटातली रंगद्रव्यं असतात. ती अँथोसायनिनची जवळची नातलग, म्हणून वागणूकही तशीच: अल्कलीयुक्त किंवा जड पाण्यात पिवळी, थोड्या आम्लानं पुन्हा पांढरट. फक्त आम्ल शेवटी घालावं. आम्लात पेक्टिन लवकर विरघळत नाही, त्यामुळे सुरुवातीलाच लिंबू पिळलेला फ्लॉवर कितीही उकळला तरी कडक राहतो. लाल कोबीत आम्ल आधी घालावं लागतं, म्हणून त्याला शिजायला जास्त वेळ द्यावा लागतो. फ्लॉवर पिवळा न पडता करडा किंवा काळपट झाला, तर संशय लोखंडावर घ्यावा. भाजीतल्या फिनॉल गटातल्या द्रव्यांशी लोह जुळलं की गडद रंग तयार होतो. उकडलेले बटाटे गार झाल्यावर काळवंडतात त्यामागेही लोहच असतं. उकळण्याच्या पाण्यात अर्धी शिजण झाल्यावर थोडं लिंबू घातलं तर ते बरंच कमी होतं.

फरसबी आणि लाल कोबी एकाच सॅलडमध्ये हवे असतील, तर दोन्ही एका पातेल्यात शिजवून चालत नाही. कोबीला लाल राहायला आम्ल हवं आणि फरसबीचा मॅग्नेशियम तेच आम्ल काढून टाकतं. कोबी व्हिनेगर घालून वेगळा शिजवावा. फरसबी भरपूर उघड्या पाण्यात उकळून बर्फात गार करावी आणि कोरडी पुसून ठेवावी. लिंबू किंवा व्हिनेगरचं ड्रेसिंग वाढायच्या वेळीच मिसळावं, कारण गार शेंगांवरही आम्लाचं काम चालूच राहतं, फक्त वेग कमी असतो. उरलेलं सॅलड फ्रिजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशी कोबी आदल्या दिवशीइतकाच लाल असतो आणि शेंगा शेवाळी झालेल्या असतात.