साडेपाच तासांचा घोळ: ऑर्डरची वेळ यूटीसीत ठेवण्याची पार्श्वभूमी

समजा, १ एप्रिल २०२५ रोजी रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी पुण्यातल्या एका गिऱ्हाइकाने ऑनलाइन ऑर्डर दिली. त्याच्या मोबाइलवर तारीख १ एप्रिल दिसते. दुकानाच्या विक्री रिपोर्टात मात्र तीच ऑर्डर ३१ मार्चला, म्हणजे संपलेल्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. डेटाबेसात ती वेळ यूटीसीत, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे चालणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत, `2025-03-31 19:10` अशी नोंदली आहे आणि ती अगदी बरोबर आहे. चुकला तो रिपोर्ट. त्याने वेळ भारतीय घड्याळात न आणताच त्यातली तारीख तेवढी उचलली. रोज मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या सगळ्या ऑर्डरींचे असेच होते, पण एरवी कोणाच्या लक्षात येत नाही. महिनाअखेर किंवा मार्चअखेर आली की हिशेब जुळत नाही आणि मग शोधाशोध सुरू होते.

एकाच क्षणाला दोन वेळा असणे मुंबईला नवे नाही. एकोणिसाव्या शतकात भारतातली रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची आणि मुंबई शहर स्वतःच्या वेळेवर. दोन्हींत अर्ध्या तासाचा फरक होता, त्यामुळे गाडी पकडणाऱ्याला मनातल्या मनात हिशेब करावा लागे. १८८४मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिचचे रेखावृत्त शून्य मानायचे ठरले. १९०६मध्ये भारतात ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईने तिला कडाडून विरोध केला. प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ शहरात १९५५पर्यंत टिकून होता. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे ‘दहा वाजता’ म्हटल्यावर ‘कुठले दहा?’ असे विचारणे रास्तच होते.

संगणकांच्या जगात या प्रश्नाची दोन उत्तरे निघाली. युनिक्स घडवणाऱ्यांनी सुरुवातीपासूनच आत एकच मोजणी ठेवली. १९७१च्या पहिल्या आवृत्तीत सेकंदाचा साठावा भाग हे एकक होते, पण सव्वादोन वर्षांत आकडा भरून जाई. म्हणून पुढे १ जानेवारी १९७०, ग्रीनिचची मध्यरात्र, तिथपासूनचे सेकंद मोजायचे ठरले. स्थानिक वेळ हा केवळ दाखवण्याचा भाग राहिला. यूटीसीचे आजचे रूप १ जानेवारी १९७२पासूनचे. याउलट डॉसने फाइलीवर टेबलावरच्या घड्याळातली वेळ जशीच्या तशी लिहिली आणि ती कुठल्या गावची हे कुठेच नोंदवले नाही.

आपल्याकडचे दुकानी आणि कार्यालयीन सॉफ्टवेअर बहुतेक या दुसऱ्या वाटेने वाढले, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. युद्धकाळात भारताचे घड्याळ काही वर्षे एक तास पुढे होते. गेल्या कित्येक दशकांत मात्र देशाने ते पुढेमागे केलेले नाही. सगळा देश एकाच वेळेवर चालतो. अमेरिकेतल्या प्रोग्रामरला दर नोव्हेंबरमध्ये ठेच लागते. तिथे घड्याळ एक तास मागे जाते आणि रात्रीचा दीड दोनदा वाजतो. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाने २ नोव्हेंबर २०२५ला रात्री दीडला दिलेली ऑर्डर आपल्याकडच्या सकाळी अकराची की दुपारी बाराची, हे नुसत्या ‘दीड’वरून कळणारच नाही. असली ठेच न लागल्यामुळे आपल्याकडे ‘सर्व्हरची वेळ हीच वेळ’ ही समजूत वर्षानुवर्षे खपून गेली.

ती उघडी पडली सर्व्हर ऑफिसातून क्लाउडवर गेले तेव्हा. क्लाउडमधली मशीन सहसा यूटीसीवरच सुरू होतात. अ‍ॅमेझॉनने २०१६मध्ये मुंबईत क्लाउड रीजन सुरू केला, पण तिथल्या मशीनचे घड्याळही आपोआप भारतीय होत नाही. जुना प्रोग्राम तोच राहिला, त्याच्या पायाखालचे घड्याळ तेवढे साडेपाच तास सरकले. ‘आज रात्री बारापर्यंत ऑर्डर द्या, उद्या सकाळी दूध दारात’ असे सांगणाऱ्या दुकानाचा कट-ऑफ प्रत्यक्षात पहाटे साडेपाचला लागू लागला. तोवर गाडी भरून निघालेली असते, आणि अ‍ॅप मात्र आजच्या सकाळचे वचन देतच राहते.

यावर पुष्कळांनी सर्व्हरचेच घड्याळ भारतीय वेळेवर लावले. काम भागते, पण पुढच्या मशीनवर कोणी ते लावायला विसरला की घोळ परत येतो. दुसरी युक्ती म्हणजे रिपोर्टात हाताने साडेपाच तास मिळवणे. ती त्याहून वाईट. कारण नंतर कोणीतरी स्क्रीनवरही मिळवतो आणि ऑर्डर अजून न उजाडलेल्या वेळेच्या दिसू लागतात. नेमके काय बिघडले आहे हे ओळखायचे तर ऑर्डरींची तासावार मोजणी काढावी. सर्वांत कमी ऑर्डर पहाटे तीन-चारच्या सुमारास असायला हव्यात. तो खड्डा रात्री दहाच्या आसपास दिसला तर वेळ बदललेलीच नाही, आणि सकाळी नऊच्या सुमारास दिसला तर ती दोनदा बदलली आहे.

मार्ग युनिक्सचाच: क्षण यूटीसीत साठवायचा आणि तारखेचा प्रश्न विचारताना गावाची वेळ सांगायची. पोस्टग्रेसमध्ये `timestamptz` प्रकारच्या रकान्यावर ३१ मार्चच्या ऑर्डरींची संख्या अशी काढता येते:

```sql
SELECT count(*) FROM orders
WHERE placed_at >= timestamptz '2025-03-31 00:00+05:30'
  AND placed_at <  timestamptz '2025-04-01 00:00+05:30';
```

म्हणजे यूटीसीत ३० मार्चच्या 18:30पासून ३१ मार्चच्या 18:30च्या आधीपर्यंत. रकान्यावर कुठलेच फंक्शन न लावल्याने त्यावरचा साधा इंडेक्सही वापरता येतो, आणि `<` असल्यामुळे 23:59:59नंतरच्या अर्ध्या सेकंदातली ऑर्डर सांडत नाही.

दिवसवार गट करायचे असतील तर `placed_at AT TIME ZONE 'Asia/Kolkata'` असे लिहावे. हे नाव ज्या यादीतून येते ती १९८०च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केली. देशोदेशींचे घड्याळाचे नियम आणि त्यांत वेळोवेळी झालेले बदल तिच्यात आहेत. तिथे `'IST'` लिहायचा मोह टाळावा. पोस्टग्रेसच्या मूळ मांडणीत `IST` म्हणजे इस्रायलची वेळ, यूटीसीच्या दोन तास पुढे. क्वेरी तक्रार न करता चालते आणि उत्तर साडेतीन तासांनी चुकते. मायएसक्यूएलमध्ये सापळा वेगळा आहे. तिथे `TIMESTAMP` रकाना सेशनच्या वेळेवरून यूटीसीत जातो, `DATETIME` मात्र दिले ते तसेच ठेवतो. एकाच टेबलात दोन्ही असले तर एक रकाना सेशनप्रमाणे बदलतो आणि दुसरा जागचा हलत नाही.

ही पद्धत घडून गेलेल्या क्षणांसाठी आहे. पुढच्या वर्षी लंडनमध्ये सकाळी नऊला द्यायची डिलिव्हरी आजच यूटीसीत बदलून ठेवली आणि दरम्यान तिथल्या सरकारने घड्याळाचा नियम बदलला, तर माणूस दहाला पोहोचू शकेल. सामोआने तर २०११मध्ये ३० डिसेंबर हा आख्खा दिवसच कॅलेंडरमधून वगळला होता. अशा नोंदीत स्थानिक वेळ आणि `Europe/London`सारखे नाव दोन्ही ठेवावे लागते. बिलावरची तारीख हा तर क्षण नव्हेच. बिल फाडताना भारतीय वेळेने जी तारीख होती ती साध्या `date` रकान्यात वेगळी लिहून ठेवावी. म्हणजे पुढे त्या ऑर्डरीचा रिपोर्ट दुबईतून कोणी काढला, तरी जीएसटीच्या हिशेबातली तारीख हलत नाही.