अर्धशिशीत गोळ्या मोजू नका, दिवस मोजा

वाचता वाचता ओळीतलं एखादं अक्षर गायब होतं. मग त्या जागी लखलखणारी नागमोडी कड उमटते, करवतीच्या दात्यांसारखी. ती हळूहळू मोठी होत नजरेच्या एका बाजूला सरकते. एक डोळा झाकला तरी दिसते, दुसरा झाकला तरी दिसते, कारण बिघाड डोळ्यात नसून मेंदूत असतो. वीस-पंचवीस मिनिटांत नजर स्वच्छ होते आणि थोड्या वेळाने अर्धं डोकं ठणकायला लागतं. वेदनेआधीच्या या टप्प्याला ऑरा म्हणतात.

कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या ऑराची चित्रं काढून 1941 मध्ये हिशेब मांडला होता, की मेंदूच्या दृष्टीच्या भागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर वेगाने सरकत असावं. तीनच वर्षांनी ब्राझीलचे संशोधक लेआंव यांना सशाच्या मेंदूत तशी संथ लाट प्रत्यक्ष सापडली. लाट पुढे जाते तेव्हा पेशी आधी पेटून उठतात, मग काही काळ गप्प होतात. म्हणून कड लखलखते आणि तिच्यामागे अंधुक डाग उरतो.

हा संथपणा ओळखीची खूण आहे. पक्षाघातात नजर किंवा हात-पाय एकदम जातात. ऑरा पाच ते साठ मिनिटांत पसरतो आणि ओसरतो. पहिल्यांदाच असं झालं, तासाभराहून जास्त टिकलं किंवा हात-पाय लुळे पडले, तर थेट रुग्णालय गाठा. ऑरा येणाऱ्या स्त्रियांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नयेत, त्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

झटका कशाने येतो? उपाशी राहणं, जागरण, मासिक पाळी, रोजचा चहा चुकणं, ही नेहमीची कारणं. कडक उपवासात तर यातली दोन एकदम जुळून येतात: पोट रिकामं आणि चहाही नाही. चॉकलेटवर मात्र बरेचदा उगाच आळ येतो. झटक्याच्या काही तास आधी जांभया येतात, गोड खावंसं वाटतं. म्हणजे ते खाणं झटक्याचं कारण नसून सुरुवात असू शकते.

झटका आल्यावरचं औषध लवकर आणि पुरेसं घ्यावं लागतं. झटक्यात पोटाचं काम मंदावतं, उशिरा घेतलेली गोळी तिथेच पडून राहते. म्हणून डॉक्टर नॅप्रोक्सेनसारख्या वेदनाशामकाबरोबर उलटी थांबवणारं आणि पोटाला गती देणारं औषध देतात. अर्धशिशीवरच्या ट्रिप्टान गटातली गोळी ऑरा चालू असताना नाही, तर दुखणं सुरू होताच घ्यायची. हृदयविकार असणाऱ्यांना ती चालत नाही. प्रतिबंधक औषधाची गोष्ट वेगळी. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट यांपैकी एखादं, डोकं दुखो न दुखो, रोज घ्यायचं. आज घेतलं म्हणून आजचं दुखणं थांबत नाही, दोन-तीन महिन्यांनी झटके कमी होतात. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल देत नाहीत.

गाडी घसरते ती या दोहोंच्या मध्ये. समजा, एका शिक्षिकेला महिन्यात चार झटके येतात. मेडिकलमधून आणलेली, कॅफिन मिसळलेली वेदनाशामक गोळी ती घेते: चार दिवस. पुढे ‘परत उठायला नको’ म्हणून दुसऱ्या दिवशीही एक घेते: आठ दिवस. परीक्षांच्या दिवसांत नुसती शंका आली तरी अर्धी गोळी: बारा दिवस. दिवसाला एकाहून जास्त गोळी नाही, पण दिवस तिप्पट झाले. तीन-चार महिन्यांनी ती पहाटेच डोकं दुखत उठते. रात्रभरात औषध उतरलेलं असतं, आणि वेदनेची मेंदूतली यंत्रणा सततच्या औषधाने हुळहुळी झालेली असते. गोळीने दोन तास बरं वाटतं, म्हणून गोळीवर संशय जात नाही.

साधं पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन महिन्यात 15 दिवस, आणि ट्रिप्टान, अर्गोटामिन, मिश्र गोळ्या किंवा ट्रामाडॉल 10 दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं की गोळ्यांमुळेच डोकं दुखत राहण्याचा हा धोका उभा राहतो. एका दिवसात दोन गोळ्या घेतल्या तरी दिवस एकच. अर्धी घेतली तरी दिवस पुरा. कंबरदुखीसाठी घेतलेली गोळीही याच हिशेबात धरायची.

उपाय म्हणजे ती गोळी बंद करणं. साध्या वेदनाशामक गोळ्या एकदम थांबवता येतात. ट्रामाडॉल, कोडीन मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू. पहिले दोन ते दहा दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं, मळमळतं, झोप उडते. बहुतेक जण इथेच हार मानून पुन्हा गोळी घेतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. हे आधी कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून प्रतिबंधक औषध त्याच सुमारास सुरू करतात आणि शक्य असेल तर सुट्टीचा आठवडा निवडतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखण्याच्या दिवशी एक रेघ आणि गोळीच्या दिवशी गोल काढत राहा. साधारण दोन महिन्यांत बहुतेकांच्या रेघा विरळ होतात आणि रोजच्या बोथट दुखण्यात हरवलेले झटके पुन्हा एकेकटे, वेगवेगळे दिसू लागतात.