रासायनिक संरचनाशोध

रेणूच्या आकृतीवरून माहितीसाठ्यातले रेणू हुडकण्याच्या पद्धतीला संरचनाशोध म्हणतात. औषधनिर्मितीत आणि पेटंट तपासताना तो रोज लागतो. नवा रेणू आधी कुणी बनवला आहे का, किंवा अमुक सांगाडा असलेले आणखी कोणते रेणू माहीत आहेत, असे प्रश्न तिथे पडतात. नावावरून त्यांची उत्तरे मिळत नाहीत, कारण एकाच पदार्थाला व्यापारी, पारंपरिक आणि शास्त्रीय अशी अनेक नावे असतात.

नेहमीचे शोधयंत्र मजकूर शब्दांत तोडते, विरामचिन्हे टाकून देते, मोठी इंग्रजी अक्षरे लहान करते आणि उरलेल्या शब्दांची सूची करते. रेणूत असे शब्द नसतात. त्यात अणू असतात आणि त्यांना जोडणारे बंध असतात. कोणत्या अणूपासून वाचायला सुरुवात करायची हे निसर्गाने ठरवलेले नाही.

रेणू एका ओळीत लिहिण्याची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे स्माइल्स. डेव्हिड वायनिंगर यांनी ती १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात कार्बनसाठी `C`, ऑक्सिजनसाठी `O`, दुहेरी बंधासाठी `=`, फांदीसाठी कंस आणि वलय जिथे जुळते तिथे दोन्ही टोकांना एकच आकडा लिहितात. ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझीनसारख्या, वलयातले अणू लहान अक्षरांत येतात, किंवा एकाआड एक दुहेरी बंध दाखवून मोठ्या अक्षरांतही लिहिता येतात. हायड्रोजन बहुधा लिहीत नाहीत, तो संयुजेवरून कळतो. ॲस्पिरिन या पद्धतीने असे लिहिता येते:

```
CC(=O)Oc1ccccc1C(=O)O
OC(=O)c1ccccc1OC(C)=O
OC(=O)C1=CC=CC=C1OC(C)=O
```

तिन्ही ओळी बरोबर आहेत आणि तिन्हींचा रेणू एकच आहे. पहिली ओळ शब्दशोधाच्या यंत्रात घातली, तर `=` आणि कंस गळून `cc`, `o`, `oc1ccccc1c`, `o`, `o` एवढे तुकडे हाती राहतात. कोणती फांदी कुठे होती ते त्यात उरत नाही. अक्षरे लहान केल्यामुळे होणारे नुकसान तर याहून मोठे आहे. बेंझीन `c1ccccc1` असे लिहितात आणि सायक्लोहेक्झेन `C1CCCCC1` असे. मोठी-लहान अक्षरे एक केली की हे दोन वेगळे पदार्थ अक्षरशः एक होतात.

तुकडे न करता ओळीत ओळ शोधली तरी भागत नाही. सॅलिसिलिक आम्ल `OC(=O)c1ccccc1O` असे लिहितात. ही अक्षरे ॲस्पिरिनच्या दुसऱ्या ओळीत जशीच्या तशी सापडतात, पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत सापडत नाहीत. म्हणजे नोंद करणाऱ्याने सुरुवात कुठून केली यावर उत्तर ठरते. उलटी चूकही होते. दोन कार्बन हवेत म्हणून `CC` शोधले, तर `CCl` हाती लागते, आणि तो एकाच कार्बनचा क्लोरोमिथेन असतो. मला ही उलटी चूक जास्त घातक वाटते. निकालाची यादी भरलेली दिसली की ती तपासायचे कुणाच्या मनात येत नाही.

नेमका तोच रेणू हवा असेल, तर उपाय त्यातल्या त्यात सोपा आहे. प्रत्येक रेणूला एकच प्रमाण लेखन द्यायचे. केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स सर्व्हिसमध्ये हॅरी मॉर्गन यांनी १९६५ मध्ये त्यासाठी रीत दिली. प्रत्येक अणूला आधी त्याच्या शेजाऱ्यांच्या संख्येइतका आकडा द्यायचा. मग त्या जागी शेजाऱ्यांच्या आकड्यांची बेरीज ठेवायची. असे करत राहिले की सुरुवातीला सारखे दिसणारे अणू त्यांच्या परिसरानुसार वेगळे पडतात. नवे वेगळेपण येईनासे झाले की थांबायचे आणि त्या आकड्यांवरून अणूंना क्रम लावायचा. पुढे आलेली इंची ही आंतरराष्ट्रीय ओळखही प्रमाण क्रमाच्या याच कल्पनेवर उभी आहे. तिच्यापासून २७ चिन्हांची संक्षिप्त कळ बनते. ॲस्पिरिनची कळ `BSYNRYMUTXBXSQ-UHFFFAOYSA-N` अशी आहे, आणि ती मात्र साध्या शोधयंत्रातही बिनचूक सापडते.

सांगाडा शोधायचा असेल, तर ही कळ उपयोगाची नाही. मोठ्या रेणूच्या कळीत त्याच्या भागाची कळ दडलेली नसते. इथे शोध दोन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा चाळणीचा. प्रत्येक रेणूसाठी शून्य-एकांची एक पट्टी आधीच करून ठेवतात. सहा अणूंचे ॲरोमॅटिक वलय आहे का, कार्बॉक्सिल गट आहे का, वलयावर ऑक्सिजन आहे का, अशा प्रश्नांची हो-नाही उत्तरे तिच्यात असतात. विचारलेल्या सांगाड्यात जिथे एक आहे तिथे रेणूच्या पट्टीत शून्य असेल, तर तो रेणू लगेच बाद होतो. बाकीचे पुढे जातात. चाळणीतून पुढे गेलेला प्रत्येक रेणू खरा असेलच असे नाही. पॅरा-हायड्रॉक्सिबेंझॉइक आम्लात वरच्या तिन्ही गोष्टी आहेत. मात्र त्याचे दोन गट वलयावर समोरासमोर असतात, सॅलिसिलिक आम्लात ते शेजारी असतात.

हा फरक दुसऱ्या टप्प्यात कळतो. तिथे अणूला अणू आणि बंधाला बंध लावून पाहतात. हायड्रोजन सोडले तर सॅलिसिलिक आम्लात १० अणू आहेत आणि ॲस्पिरिनमध्ये १३. दहा अणू तेरा जागांवर आंधळेपणाने बसवायचे तर सुमारे १०४ कोटी प्रकार होतात. कार्बनवर कार्बन आणि ऑक्सिजनवर ऑक्सिजन एवढी अट घातली की ते साडेत्रेचाळीस लाखांवर येतात. बंधही जुळवले की एकच मांडणी उरते. जूलियन उलमन यांनी १९७६ मध्ये दिलेल्या रीतीचे मर्म असे, की मांडणी पूर्ण होण्याची वाट पाहायची नाही. एखाद्या अणूच्या शेजाऱ्याला बसायला जागाच उरली नाही, तर तिथूनच मागे फिरायचे. तरीही ही तपासणी महाग पडते, म्हणून आधी चाळणी लागते.

सांगाड्यात हायड्रोजन गृहीत धरले आहेत की नाहीत, यावर उत्तर बदलते. `OC(=O)c1ccccc1O` असे विचारले तर ॲस्पिरिन सापडते, आणि वेदनाशामक मलमातले मेथिल सॅलिसिलेटही सापडते, कारण ऑक्सिजनच्या पुढे काय आहे याची अट नाही. शेवटचा `O` बदलून `[OH]` केला की ॲस्पिरिन यादीतून जाते, कारण त्या ऑक्सिजनवर ॲसिटिल गट बसलेला आहे. मेथिल सॅलिसिलेट मात्र राहते.

काही रेणूंत हायड्रोजन एका अणूवरून दुसऱ्यावर उडी मारतो. `Oc1ccccn1` आणि `O=c1cccc[nH]1` ही एकाच पदार्थाची दोन रूपे आहेत. इंची त्यांना एकच कळ देते, पण साधी अणुजुळणी त्यांना वेगळे मानते. ॲरोमॅटिक कशाला म्हणायचे याचे नियमही संगणकप्रणालीगणिक थोडे वेगळे असतात. साठा एका नियमाने भरला आणि प्रश्न दुसऱ्या नियमाने वाचला, तर खरे रेणू चाळणीतच गळतात आणि कुठलीही त्रुटी दिसत नाही. हे ओळखायचे असेल तर काही हजार रेणूंवर तोच शोध चाळणी काढून चालवावा. दोन्ही याद्या तंतोतंत जुळल्या पाहिजेत. मात्र ती पट्टी आणि अणुजुळणी दोन्ही एकाच चुकीच्या वाचनावर उभ्या असतील, तर ही तपासणी काही सांगत नाही. म्हणून तिसऱ्या ओळीसारखे एकाआड एक दुहेरी बंधांचे लेखनही मुद्दाम विचारून पाहावे.

गणिती सूत्रांच्या शोधातही मुळातली अडचण हीच आहे, आणि तिथे सूत्राचे झाड करून फांद्या जुळवतात. फरक नावांचा आहे. रसायनात कार्बनच्या जागी नायट्रोजन चालत नाही. गणितात `x^2+x` च्या जागी `a^2+a` चालते, `a^2+b` चालत नाही. म्हणून तिथे चलाचे नाव सोडून द्यायचे, पण तेच चल पुन्हा कुठे आले याची नोंद मात्र ठेवायची असते.